विनयाला विचारलेले प्रश्न

सुयशने तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा विनया कणीक मळत होती. शनिवारची सकाळ होती. सात वर्षांची शिवांगी आंघोळीला गेली होती, आणि विनयाने कणकेच्या हातांनीच मागे वळून नवऱ्याला हळूच सांगितलं होतं, की दुपारी पोरगी सी टॉवरमध्ये वाढदिवसाला जाणार आहे, दोन-अडीच तास घर आपलं आहे.

सुयशने वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही.

"तुला याशिवाय दुसरं काही सुचतं का गं?" तो म्हणाला. "दहा वर्षं झाली लग्नाला. हे नॉर्मल नाहीये विनया. याला सेक्स अ‍ॅडिक्शन म्हणतात. आजार असतो तो. कुणातरी डॉक्टरला दाखव."

विनयाने कणकेचा गोळा पुन्हा परातीत आपटला आणि उगाचच आणखी पाणी घातलं. कणीक सैल झाली. त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या फाटल्या.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. दिल्लीच्या वेशीवरच्या इंदिरापुरममध्ये तेव्हा रोज एक नवा टॉवर वर चढत होता. रस्ते व्हायच्या आधी मॉल झाले होते, आणि दिवसातून चारदा वीज गेली की सगळ्या सोसायट्यांचे जनरेटर एकदम धडधडायला लागायचे. सुयश मूळ पुण्याचा, नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. विनया दिल्लीतच वाढलेली. वडील केंद्र सरकारात होते, त्यामुळे लहानपण आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये गेलं, आणि तीही परीक्षा देऊन एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून लागली. रोज सकाळी चार्टर्ड बसने सेंट्रल सेक्रेटरिएट गाठायचं, संध्याकाळी त्याच बसने परत. चौतिशीतली, कामाला चोख, बोलायला मोकळी बाई.

एवढी एक गोष्ट मात्र तिने कधी कुणापाशी काढली नव्हती. तिला नवरा हवासा वाटायचा, आणि मैत्रिणींच्या बोलण्यावरून जितका वाटायला हवा त्यापेक्षा बराच जास्त वाटायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षांत सुयशला त्याचं कौतुक होतं. "माझं नशीब," म्हणायचा. गेली दोन-अडीच वर्षं मात्र तो कूस बदलायचा, थकलोय म्हणायचा, लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत बसायचा. तीन तीन महिने असेच जायचे. विनया विचारायची, मग कमी विचारायला लागली, मग विचारल्यावर स्वतःचाच राग यायला लागला. आणि आता तिच्या या ओढीला नाव मिळालं होतं. आजार.

त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर राहिना. बसमध्ये शेजारची बाई स्वेटर विणत गप्पा मारायची आणि विनयाला वाटायचं, हिला माझ्या चेहऱ्यावर दिसत असेल का? ऑफिसात फाइल उघडायची आणि दोन पानांनंतर उठून पाणी प्यायला जायची. घरी आली की कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा आवरायची. आई प्रमोदिनीबाईंनी फोनवर विचारलं, "विने, बरं नाही का तुला? आवाज असा का येतोय?" तर तिने सर्दी झाल्याचं सांगितलं. आईला काय सांगणार होती? चांगल्या घरच्या बायकांना असं काही वाटत नसतं, हे आईने कधी शब्दांत सांगितलं नव्हतं. सांगावंच लागलं नव्हतं.

सरोजिनी नगरच्या बाजाराच्या मागे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डॉ. अलकनंदा बर्वे, मनोविकारतज्ज्ञ, अशी पाटी होती. विनयाने ती कितीदा तरी वाचली होती. मराठी नाव बघूनच पंधरा दिवस तिचं पाऊल तिकडे वळलं नाही. दिल्लीतली मराठी माणसं म्हणजे गणपतीला एका मांडवात मावणारी. आज इथे बोललेलं उद्या आईच्या भिशीत पोचायचं. दुसरीकडे जावं, एखाद्या पंजाबी डॉक्टरकडे, असंही मनात आलं. पण तिथे बोलायचं कसं? हे सगळं सांगायला तिच्याजवळ हिंदीत होत्या त्या फक्त शिव्या, आणि इंग्रजीत सांगायचं म्हणजे ऑफिसची टिप्पणी वाचल्यासारखं. शेवटी एका गुरुवारी अर्धी रजा टाकून ती जिना चढली.

डॉ. बर्वे पंचावन्नच्या असतील. आखूड केस, सुती साडी. विनयाने बसल्या बसल्या विचारलं, "तुम्ही माझ्या आईला ओळखता का?"

"कदाचित ओळखतही असेन. पण तुम्ही इथे आला होतात हेसुद्धा त्यांना माझ्याकडून कळणार नाही. बोला."

विनयाने खाली बघत सांगून टाकलं. "माझा नवरा म्हणतो, मला सेक्स अ‍ॅडिक्शन आहे. मला तपासा."

बाईंनी लिहायला घेतलं नाही. त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, ताप कधीपासून आहे असं विचारावं तितक्या सहज. झोप किती? मधेच काही दिवस झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं सुसाट सुटतं, खरेदीला धरबंध राहत नाही, असं होतं का? काही गोळ्या चालू आहेत? दारू, आणखी काही? विनयाने सगळ्याला नाही म्हटलं.

"बरं. ही इच्छा कामाच्या आड येते का? म्हणजे त्यापायी फाइल राहिली, ऑफिसला दांडी मारली, मुलीला आणायचं राहून गेलं?"

"छे. तसं कसं होईल?"

"नवरा नाही म्हणाला की काय करता?"

विनया ओशाळली. "चिडते. कधी रडते. मग कामाला लागते."

"दुसऱ्या कुणाकडे गेलात? लपवून काही केलंत, त्यासाठी खोटं बोललात?"

"नाही."

"कमी करायचं ठरवलंत, शपथ घेतलीत आणि पुन्हा पुन्हा मोडलीत, असं?"

विनया विचारात पडली. "वडील गेले तेव्हा दोन महिने मला काही वाटलंच नाही. शिवांगीला कावीळ झाली तेव्हाही. ठरवावं नाही लागलं. आपोआप मागे पडलं."

"आणि जवळ आल्यावर, झाल्यानंतर कसं वाटतं? की लगेच पुन्हा तीच तगमग?"

इतका वेळ उत्तरं भराभर येत होती. या प्रश्नाला विनयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छान वाटायचं," ती म्हणाली. "दिवसभर छान वाटायचं."

डॉ. बर्व्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मग ऐका. आठवड्यातून किती वेळा वाटतं, यावर काही ठरत नसतं. काहींना भूक जास्त असते, काहींना कमी, आणि बाईला जास्त असू नये असा शरीराचा काही नियम नाही. मी बघते ते ताब्याकडे. थांबायचं म्हटलं तर थांबता येतं का? काम, घर, मूल, तब्येत यांची हेळसांड व्हायला लागली तरी माणूस करत राहतो का? त्यातलं सुख कधीच संपलंय आणि तरी करतोय, असं आहे का? महिनोन् महिने हे चाललंय का? तुमच्या बाबतीत यातलं काहीच नाही. तुम्हाला लाज वाटते आहे, आणि ती फार वाटते आहे हे मला दिसतं. पण नुसती लाज वाटते म्हणून कुणी आजारी ठरत नाही."

"मग तो असं का म्हणाला?"

"ते मला कसं कळणार? त्यांना मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या माणसाबद्दल मी बोलत नाही. दोघं मिळून यायचं असेल तर या."

विनया जिना उतरली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. बाजारात गर्दी होती, पोरी ढिगातून टी-शर्ट उपसत होत्या. ती त्या गर्दीतून दोनदा इकडून तिकडे चालत गेली, काहीच न घेता. आपण आजारी नाही, हे कळलं होतं. पण आता ते प्रश्न डोक्यातून जाईनात. मुलीला आणायचं राहून गेलं? हा प्रश्न तिला कुठेतरी टोचला होता. ऑगस्टात एकदा सुयश शिवांगीला शाळेतून आणणार होता. पोरगी दीड तास फाटकापाशी वॉचमनजवळ बसून होती. सुयश म्हणाला होता, आनंद विहारला ट्रॅफिक जाम होता. शपथ घेतलीत आणि मोडलीत? जानेवारीत त्याने स्वतःहून घरचं ब्रॉडबँड बंद केलं होतं, मुलगी फार बघते म्हणून, आणि आठ दिवसांत स्वतःच पुन्हा सुरू केलं होतं. तीन वर्षांत तिसरी कंपनी. बाथरूममध्ये फोन घेऊन अर्धा अर्धा तास.

तिने स्वतःला दटावलं. बाई म्हणाल्या ना, न पाहिलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. पण ती तर त्याला दहा वर्षं पाहत होती.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी अकराच्या सुमारास तिच्या मोबाइलवर साकेतचा फोन आला. साकेत सुयशच्या हाताखाली काम करायचा, नागपूरचा पोरगा, दोन-तीनदा घरी जेवायला आलेला.

"वहिनी, सुयश सर घरी आहेत का? फोन लागत नाहीये. क्लायंटचा कॉल आहे यार, सगळे खोळंबलेत."

"तो तर आठलाच निघाला."

"हो, आले होते. साडेनऊला बाहेर पडले. तुमची तब्येत बिघडलीय म्हणाले."

विनया कॉरिडॉरमध्ये आली. "साकेत, मी ऑफिसात आहे. ठणठणीत आहे. असं आधी झालंय का?"

साकेतने आवाज खाली आणला. "या महिन्यात तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका वहिनी. एचआरने पत्र दिलंय त्यांना. ऑफिसच्या मशीनवर त्यांनी काय काय उघडलं त्याची लिस्ट निघालीय."

संध्याकाळी सुयश घरी आला, चहा घेतला, दिवस फार हेक्टिक होता म्हणाला. विनया त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चोराच्या उलट्या बोंबा, असं तिच्या ओठांशी आलं होतं. पण शिवांगी समोर गृहपाठ करत होती, आणि विनयाला भांडायचं नव्हतं. तिला कळून घ्यायचं होतं. तिने शनिवार काढला. मशीन लावलं, पडदे धुतले, इस्त्री केली. रविवारी दुपारी शिवांगी खाली खेळायला गेल्यावर ती सुयशसमोर जाऊन बसली.

"मी डॉक्टरकडे जाऊन आले," ती म्हणाली.

"बिल्कुल बरं केलंस. काय म्हणाले?"

"मला काही झालेलं नाही म्हणाल्या. त्यांनी मला जे प्रश्न विचारले, ते तुला विचारू?"

तो हसला. "मला कशाला? पण विचार, चलो."

तिने विचारलं. कामाच्या आड येतं का, याला तो नाही म्हणाला. लपवून काही केलंस का, याला 'हे काय नवीन' म्हणाला. तिने आवाज चढवला नाही. कमी करायचं ठरवून मोडलंस का, या प्रश्नाला तो उठून गॅलरीच्या दारापाशी गेला. खाली समोरच्या टॉवरचा स्लॅब पडत होता, मिक्सरची घरघर चालू होती.

"नंतर कसं वाटतं, सुयश?" तिने विचारलं. "झाल्यावर?"

तो तिच्याकडे वळला नाही. खाली मिक्सर थांबला.

"काही वाटत नाही," तो मग म्हणाला. "वर्षभर तरी काहीच वाटत नाही. घाण वाटते. आणि तासाभरात पुन्हा..." त्याने दाराची कडी दोनदा लावली, काढली. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तूच सांगतोयस."

मग तो जे बोलला ते सलग नव्हतं. आधी ऑफिसात उशिरा थांबून नेटवर बघणं, मग चॅट रूम, मग चॅटवरच्या बायकांना फोन. प्रोजेक्टचं टेन्शन आलं, बॉसने झापलं, घरी काही वाजलं की पाय तिकडेच वळायचे. वर्षभर लाजपत नगरच्या एका मसाज पार्लरमध्ये. शुक्रवारी तिथेच होता. शिवांगी फाटकापाशी बसली होती त्या दिवशी सायबर कॅफेत होता, घड्याळ समोर होतं, दिसत होतं, उठता येत नव्हतं.

"आणि तो शब्द?" विनयाने विचारलं. "तुला कुठून मिळाला?"

"मी स्वतःसाठी शोधत होतो," तो म्हणाला. "ते पान मी चार-पाचदा वाचलं. मग त्या दिवशी तू म्हणालीस, दुपारी घर आपलं आहे, आणि माझ्याच्याने काही होणार नव्हतं हे मला माहीत होतं. तोंडातून निघून गेलं."

विनया उठली. तिला आधी वाटलं, आपण त्याच्या अंगावर धावून जाणार. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. एक महिनाभर ती स्वतःच्या शरीराकडे एखाद्या गुन्हेगाराकडे बघावं तशी बघत होती, आणि ते याच्या तोंडून निघून गेलं होतं.

पुढच्या गुरुवारी दोघं डॉ. बर्व्यांकडे गेली. बाई सुयशशी तासभर एकट्याशी बोलल्या. विनया बाहेरच्या बाकावर बसली, उठली, जिन्याच्या खिडकीतून बाजार बघून आली, पुन्हा बसली. मग त्यांनी सुयशला विचारून तिला आत बोलावलं. सुयशचा चेहरा उतरला होता, पण तो अजून लढत होता.

"मॅडम, मी कॉलेजपासूनच असा आहे," तो म्हणाला. "काहींची ड्राइव्ह जास्त असते. तुम्हीच विनयाला तसं सांगितलंत ना? तिला जास्त असलं तर नॉर्मल, आणि मला असलं तर आजार?"

"जास्त असण्याबद्दल मी काही म्हटलंच नाही," बाई म्हणाल्या. "तुमची कॉलेजपासून जास्त असेल, असू दे. पण विनयाताईंना हवं होतं ते मिळालं की त्यांचं पोट भरत होतं. तुमचं भरत नाही, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. जिच्याविषयी इच्छा असायला हवी ती बायको समोर असताना तुम्ही तिला टाळत होता. पाच वेळा बंद करायचं ठरवून बंद झालं नाही. नोकरी जायची वेळ आली, मुलगी रस्त्यावर बसून राहिली, तरी थांबलं नाही. दोन वर्षांहून जास्त झालं. लगाम तुमच्या हातात राहिलेला नाही, एवढंच मी म्हणते आहे."

"म्हणजे अ‍ॅडिक्शनच."

"नाव काय द्यावं यावर आमच्या लोकांत अजून वाद आहेत. नावासाठी उपचार अडत नाहीत."

सुयशने दोन्ही तळवे मांडीवर पुसले. "म्हणजे यात माझा दोष नाही."

डॉ. बर्व्यांनी चष्मा काढला. "ताबा सुटणं तुम्ही निवडलं नसेल. पण बायकोला आजारी ठरवणं तुम्ही निवडलंत. ते मी औषधाने बरं करू शकत नाही."

विनयाला पहिल्यांदा, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, हात कुठे ठेवायचे असा प्रश्न पडला नाही.

बाईंनी पुढचं सरळ सांगितलं. सुयशला उदासीही होती, बरीच जुनी. तिच्यासाठी गोळ्या. दर आठवड्याला त्यांच्याच क्लिनिकमधल्या मानसशास्त्रज्ञाकडे बसायचं. कुठल्या वेळी, कुठल्या ताणाने पाय तिकडे वळतो ते लिहून काढायचं, आणि त्या वेळी दुसरं काय करायचं ते ठरवायचं. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळायचं नाही. पुन्हा ताब्यात आणायचं. काही संसर्ग झालाय का ते बघायला दोघांनीही रक्ताची तपासणी करून घ्यायची, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. "विनयाताई, हे पहारा देण्याचं काम तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचा फोन तपासत बसू नका. तुम्ही वेड्या व्हाल."

तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस विनया धड जेवली नाही. रिपोर्ट चांगला आला. ते पाकीट हातात धरून ती प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली आणि तिला रडू फुटलं, रागाचं की सुटकेचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

कंपनीने काढून टाकायच्या आत सुयशने राजीनामा दिला. त्याच सुमारास विनयाच्या नावावर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर निघालं. सहा वर्षांपूर्वी अर्ज केला होता, विसरूनही गेली होती. दोन खोल्या, ओल आलेली भिंत, मागे कढीलिंबाचं झाड. तिने सुयशला विचारलं नाही, सांगितलं. "मी शिवांगीला घेऊन तिकडे जाते. रविवारी येत जा. पुढचं पुढे."

"सोडून चाललीस?"

"माहीत नाही. माहीत झालं की सांगेन."

आईला तिने ऑफिस जवळ पडतं असं सांगितलं. आईने कढीलिंबाखाली उभं राहून तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "विने, तुझा चेहरा बरा दिसतोय आता." एवढंच.

सुयश रविवारी यायचा. शिवांगीला बागेत न्यायचा, भिंतीला प्लास्टर लावायचा. डिसेंबरात तो एकदा दारातच म्हणाला, "बुधवारी घसरलो. चॅट. एकदाच. मी क्लिनिकमध्ये जाऊन सांगितलंय, तुलाही सांगायचं ठरलं होतं." विनयाने दार पूर्ण उघडलं, पण त्या दिवशी ती त्याच्याशी बोलू शकली नाही. पुढच्या रविवारी बोलली. फेब्रुवारीत त्याला गाझियाबादच्या एका लहान कंपनीत काम मिळालं, हाताखाली कुणी नाही, स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी बसायची जागा त्याने मागून घेतली.

मार्चमध्ये दुसरा रिपोर्टही चांगला आला. त्या रविवारी शिवांगी जवळच राहणाऱ्या आजीकडे होती. सुयश खिडकीची जाळी बसवत होता, बाह्या दुमडलेल्या, आणि विनयाला तो पूर्वीसारखा हवासा वाटला. अगदी स्पष्ट. तिला आपलीच गंमत वाटली. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला.

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "पुन्हा तसंच झालं तर? तुझ्याजवळ असून नसल्यासारखं?"

पूर्वी तिला हे नाही म्हणणं वाटलं असतं. आज ते नाही म्हणणं नव्हतं, तो खरं बोलत होता.

"मग आज नको," विनया म्हणाली. "पण मला हवंय, एवढं ऐकून ठेव. पुन्हा त्याला आजार म्हणू नकोस."

"नाही म्हणणार."

तिने हात काढून घेतला आणि जाळीची दुसरी बाजू धरली, कारण ती एकट्याने बसत नव्हती. स्क्रू पिळून झाल्यावर दोघं शिवांगीला आणायला चालत निघाली. तो इंदिरापुरमला परत ये म्हणाला नाही, आणि ती येईन म्हणाली नाही.